मॉलचं इनडोअर कव्हरेज: आधी एट्रियम बघा, मग डीएएस की स्मॉल सेल ते ठरवा

प्रश्न: चार मजली मोठ्या मॉलचं इनडोअर कव्हरेज प्लॅन करायचं काम आलंय. मध्ये मोठं एट्रियम आहे, पुढून सगळी काच, खाली दोन बेसमेंट पार्किंग. डीएएस घ्यावं की स्मॉल सेल? आणि अँटेना किती, कुठे लावायचे हे नेमकं कसं ठरवता?

डीएएस, म्हणजे एकाच ठिकाणचा सिग्नल बऱ्याच अँटेनांना वाटणारी सिस्टिम, की स्मॉल सेल, म्हणजे प्रत्येकी आपापला सेल चालवणारे छोटे रेडिओ, हे सगळ्यात शेवटी ठरवायचं. बरेच जण उलटं करतात, आधी इक्विपमेंट ठरवतात, मग त्याच्या रेंजप्रमाणे नकाशावर गोल काढत सुटतात, आणि सुरू केल्यावर सगळीकडे सिग्नल फुल पण स्पीड नाही अशी तक्रार येते. मॉलमध्ये सिग्नल पोचवणं हे तसं सोपं काम आहे, ऑफिसपेक्षा किंवा हॉस्पिटलपेक्षा खूपच सोपं, कारण जागा मोकळी असते. पण त्याच मोकळेपणामुळे एका अँटेनाचा सिग्नल जिथे नको तिथेही जातो. त्यामुळे इथे खरा प्रश्न असा असतो की प्रत्येक ठिकाणी नक्की कुठला सेल जिंकणार आणि दोन सेलची हद्द कुठे पडणार. हे ठरलं की अँटेनाच्या जागा, सेक्टरची संख्या आणि शेवटी इक्विपमेंट, सगळं त्याच्या मागून येतं.

बोलायला सोपं जावं म्हणून तुमच्यासारखाच एक मॉल धरू. 200 मीटर लांब, 90 मीटर रुंद, ग्राउंड अधिक तीन मजले, मधोमध 60 बाय 25 मीटरचं एट्रियम जे खालपासून वरच्या काचेच्या छतापर्यंत उघडं आहे. रस्त्याच्या बाजूला पूर्ण काच आणि पलीकडे साधारण 150 मीटरवर मॅक्रो, म्हणजे बाहेरचा मोठा मोबाइल टॉवर. वरच्या मजल्यावर फूड कोर्ट आणि सिनेमा. एका ऑपरेटरसाठी बघू, 1800 मेगाहर्ट्झवर 20 मेगाहर्ट्झचं 4जी, आणि जोडीला 3.5 गिगाहर्ट्झवर 5जी.

पहिलं काम म्हणजे काहीही लावायच्या आधी स्कॅनर घेऊन सगळे मजले चालून काढायचे आणि बाहेरचा मॅक्रो आत कुठवर येतोय ते नोंदवायचं. वेगवेगळ्या मजल्यांवर वेगळं चित्र दिसतं आणि वरचे मजले बहुतेक वेळा जास्त त्रासदायक असतात, कारण तिथून टॉवर थेट दिसतो. यात एक गोष्ट आवर्जून विचारा, काच कुठली आहे. साधी दुहेरी काच 1800 ला जेमतेम अडीच डीबी खाते, म्हणजे नसल्यासारखीच. पण ऊन अडवणारा धातूचा लेप असलेली काच असेल तर तीच 23-24 डीबी खाते. काँक्रीटची भिंत 1800 ला साधारण 12 डीबी आणि 3.5 गिगाहर्ट्झला 19 च्या आसपास. हे आकडे 3जीपीपीच्या मॉडेलमधले आहेत, प्रत्यक्षात थोडे इकडेतिकडे होतात. पण लेपवाली काच असेल तर बाहेरचा मॅक्रो आपोआप दारातच अडतो आणि तुमचं निम्मं डोकं हलकं होतं, आणि साधी काच असेल तर पुढचा 10-15 मीटरचा पट्टा म्हणजे युद्धभूमी आहे असं समजून चालायचं.

आता एका अँटेनाचं गणित. हे एकदा हाताने करून बघा, सॉफ्टवेअर नंतर. समजा छतावरच्या, चहूबाजूंना सारखा सिग्नल देणाऱ्या ओम्नी अँटेनाला 4जी साठी एकूण 15 डीबीएम पॉवर पोचते. ही पॉवर 1200 सबकॅरिअरमध्ये वाटली जाते आणि फोन सिग्नलची जी पातळी मोजतो, म्हणजे आरएसआरपी, ती एका सबकॅरिअरची असते, म्हणून सुरुवातच 30.8 डीबीने खाली होते. नवीन मुलं हमखास इथेच चुकतात, एकूण पॉवरमधून थेट पाथ लॉस वजा करतात आणि कागदावर 30 डीबी जास्त छान डिझाइन बनतं. पाथ लॉससाठी आयटीयूच्या पी.1238 मॉडेलमध्ये व्यापारी इमारतीचा उतार 22 धरलाय, ऑफिसचा 30. या फरकातच मॉलचा मोकळेपणा दिसतो. खाली EPRE म्हणजे एका सबकॅरिअरची पॉवर, EIRP म्हणजे त्यात अँटेनाचा 2 डीबीआय गेन मिळवून, आणि L(d) म्हणजे d मीटरवरचा पाथ लॉस.

```
EPRE  = 15 - 10*log10(1200)     = -15.8 dBm
EIRP  = -15.8 + 2 dBi           = -13.8 dBm
L(d)  = 20*log10(1800) - 28 + 22*log10(d)
L(20) = 37.1 + 28.6             =  65.7 dB
RSRP  = -13.8 - 65.7            = -79.5 dBm
```

म्हणजे मोकळ्यात 20 मीटरवर साधारण उणे 80. दुकानाच्या आत जायचं तर पुढची काच, रॅक, कपड्यांचे ढीग, पार्टिशन मिळून मी 12 डीबी धरतो, मग उणे 91.5. त्यात 95 टक्के जागा कव्हर व्हायला फेडिंगचं मार्जिन 7 डीबी ठेवलं की उणे 98.5. दुकानाच्या आतल्या कोपऱ्यासाठी माझं टार्गेट उणे 100 असतं, म्हणजे दीड डीबीने पास. यावरून अंतर निघतं: दुकान 15 मीटर खोल असेल आणि कॉरिडॉरमध्ये अँटेना 26 मीटरवर एक असेल तर सगळ्यात लांबचा कोपरा बरोबर 20 मीटरवर येतो. 15 मीटरपेक्षा खोल दुकानं, विशेषतः ती मोठी कपड्यांची नाहीतर किराणाची दालनं, तिथे कॉरिडॉरमधून काही होत नाही, आतच अँटेना लागतो. आणि त्याची परवानगी मॉलवाल्यांकडून नाही तर त्या दुकानदाराकडून घ्यावी लागते, जी डिझाइनपेक्षा जास्त वेळ खाते. म्हणून हे फोन आधी सुरू करा.

5जी चं काय? 3.5 वर फ्री स्पेस लॉसच पावणेसहा डीबीने जास्त, आणि 100 मेगाहर्ट्झचा कॅरिअर 3276 सबकॅरिअरमध्ये वाटला जातो त्यामुळे आणखी साडेचार डीबी जातात. एकूण दहा डीबीचा खड्डा. त्याच जागेवरून तेवढंच कव्हरेज हवं असेल तर 15 च्या जागी 24-25 डीबीएम लागतात, म्हणजे साधारण पाव वॉट. इनडोअर रेडिओ युनिट एका पोर्टला साधारण एवढीच पॉवर देतात त्यामुळे हिशेब जमतो, पण पॅसिव्ह केबलवरून तेवढी पॉवर प्रत्येक अँटेनापर्यंत पोचवायची म्हटलं की अवघड होतं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता काचेची बाजू. सर्व्हेत समजा काचेच्या बाहेर मॅक्रो उणे 69 आणि आत उणे 72 मिळाला. आपल्याला आत किमान 6 डीबीने वरचढ राहायचंय, म्हणजे काचेजवळ उणे 66 हवेत. वरचं गणित बघा, ओम्नीने 20 मीटरवरून उणे 80 मिळतात, म्हणजे काचेजवळचा माणूस बाहेरच्या टॉवरवरच राहणार, आतल्या सिस्टिमचा त्याला त्रासच फक्त होणार. इथे बहुतेक जण पॉवर वाढवतात आणि तिथेच फसतात, कारण तो सिग्नल काचेतून बाहेर रस्त्यावर जातो, रस्त्यावरून जाणारे लोक मॉलचा सेल पकडतात, चार पावलं पुढे गेले की कॉल तुटतो, आणि मॅक्रोवाली टीम तुमच्या नावाने ओरडते. त्यापेक्षा काचेच्या कडेला, काचेकडे पाठ करून आत बघणारे 7 डीबीआयचे डायरेक्शनल अँटेना लावा. हा अँटेना समोर 8 मीटरवर उणे 66 देतो, म्हणजे हवं तेवढं. मागच्या बाजूला 18 डीबी कमी, त्यामुळे बाहेर 10 मीटरवर साधारण उणे 88, मॅक्रोच्या 19 डीबी खाली. त्याच जागी ओम्नी लावला असता तर बाहेर उणे 75 गेलं असतं, मॅक्रोपेक्षा फक्त 6 ने कमी, आणि रस्त्यावरच्या चढउतारात कधी हा वर कधी तो वर असं होत राहिलं असतं. किती छोटा बदल आहे बघा, पण अख्ख्या दर्शनी बाजूचं नशीब त्यावर ठरतं. ऑपरेटरकडे इनडोअरसाठी वेगळी फ्रीक्वेन्सी देण्याची सोय असेल तर हे सगळं बरंच सैल होतं, म्हणून हा प्रश्न पहिल्याच मीटिंगमध्ये विचारायचा.

आणि आता एट्रियम, ज्याच्यासाठी मी एवढं लिहायला बसलो. सहज सुचणारं डिझाइन म्हणजे एक मजला एक सेक्टर, म्हणजे एका मजल्याचे सगळे अँटेना मिळून एक सेल. ऑफिस टॉवरमध्ये ते बरोबरही असतं कारण मध्ये स्लॅब असते. एट्रियमभोवती मात्र स्लॅब नाहीच. दुसऱ्या मजल्यावर रेलिंगला टेकून उभा असलेला माणूस घ्या. त्याच्या मजल्याचा अँटेना 8 मीटरवर आहे, त्याचे उणे 71. समोरच्या गॅलरीतले, वरच्या खालच्या मजल्यांचे अँटेना त्याला थेट दिसतात, साधारण 25 मीटरवर, प्रत्येकाचे उणे 82. एकाशी तुलना केली तर 11 डीबीचा फरक, छान वाटतं. पण असे सहा असतात, आणि सहांची बेरीज केली की 10*log10(6) म्हणजे पावणेआठ डीबी वाढून उणे 74. म्हणजे बाकीचे सेक्टर लोडवर असताना या माणसाचा एसआयएनआर, म्हणजे आपला सिग्नल बाकीच्या इंटरफिअरन्स आणि नॉइजच्या किती वर आहे ते, फक्त 3 डीबी. सिग्नलच्या दांड्या फुल, आणि व्हिडिओ फिरतोय. मॉलमध्ये लोक सगळ्यात जास्त कुठे रेंगाळतात? याच रेलिंगला. फोटो इथूनच काढतात, कार्यक्रमाचे व्हिडिओ इथूनच टाकतात.

म्हणून एट्रियम, त्याचा तळ, आणि चारही मजल्यांच्या गॅलऱ्या मिळून एकच सेक्टर करायचा. मग त्या सहा अँटेनाचे सिग्नल इंटरफिअरन्स राहत नाहीत, ते आपलेच होतात, उलट मदत करतात. हद्द पडते ती गॅलरीतून बाजूच्या विंगमध्ये शिरताना, जिथे कॉरिडॉर अरुंद होतो, वळण असतं, भिंत असते. अशी नैसर्गिक मान प्लॅनवर शोधा आणि सेक्टरची सीमा तिथेच पाडा. विंगचे पहिले अँटेना मानेच्या आतल्या बाजूला, एट्रियमकडे पाठ करून लावायचे. ओव्हरलॅप फार लांब नको. माणूस सेकंदाला सव्वा मीटर चालतो, एका सेलवरून दुसऱ्यावर जायला, म्हणजे हँडओव्हरला, सगळं मिळून दोनेक सेकंद धरले तरी तीन मीटर पुरतात, मी आठ-दहा मीटर ठेवतो. तीस मीटरचा ओव्हरलॅप म्हणजे तीस मीटरचा खराब स्पीड, एवढं सरळ आहे ते.

विंगमध्ये मात्र मजल्याप्रमाणे तोडायला हरकत नाही कारण तिथे स्लॅब आहे. एस्कलेटरची पोकळी तेवढी बघा, ती एट्रियमच्या सेक्टरमध्ये घेतलेली बरी.

सेक्टर किती, हे लोकांच्या संख्येवरून. समजा गर्दीच्या दिवशी एका वेळी 12,000 माणसं आत आहेत आणि आपल्या ऑपरेटरचा वाटा 35 टक्के, म्हणजे 4,200. गर्दीच्या तासात माणशी 30 एमबी डेटा धरू. हा आकडा मी इथे फक्त धरलाय, तुम्ही तो आजूबाजूच्या साइटच्या खऱ्या डेटावरून घ्या, अंदाजाने घेऊ नका, कारण पुढचं सगळं त्याच्यावर टांगलेलं आहे.

```
30 MB * 8 / 3600 s = 66.7 kbps
66.7 kbps * 4200   = 280 Mbps
```

यातलं निम्मं 5जी उचलेल असं मानलं तर 4जी वर 140 एमबीपीएस. 20 मेगाहर्ट्झचा सेक्टर चांगल्या एसआयएनआरला सरासरी 40 देतो असं धरू, पण तो 65 टक्क्यांच्या वर भरू द्यायचा नाही, म्हणजे कामाचे 26. 140 भागिले 26, साधारण 5.4, म्हणजे सहा सेक्टर. आणि हे सहा सेक्टर एट्रियम नीट केलं तरच पुरतात. मजल्याप्रमाणे तोडून रेलिंगजवळ 3 डीबी एसआयएनआर आणलात तर तिथला सेक्टर 40 च्या निम्मंही देणार नाही आणि मग आणखी सेक्टर लागतील, जे आणखी हद्दी पाडतील, जे एसआयएनआर आणखी पाडतील. मोकळ्या जागेत सेल वाढवून कपॅसिटी एका मर्यादेपर्यंतच वाढते, त्यापुढे प्रत्येक नवीन सेल शेजाऱ्याचंच खातो.

आपल्या मॉलचे सहा असे पडतील: एट्रियम एक, डावी विंग खालचे दोन मजले, डावी विंग वरचे दोन, उजवी विंग खालचे दोन, उजव्या विंगचा दुसरा आणि तिसरा मजला जिथे फूड कोर्ट आणि सिनेमा आहे तो स्वतंत्र, आणि दोन्ही बेसमेंट मिळून एक. फूड कोर्टचा सेक्टर शक्य तेवढा छोटा ठेवा, तिथे थोड्या जागेत बरीच माणसं तासभर बसून फोनच बघत असतात. पुढे लोड वाढला तर विंगचे सेक्टर दोनात तोडता येतात. एट्रियम मात्र तोडता येत नाही, ते कापायला गेलात की पुन्हा रेलिंगवाला प्रॉब्लेम. त्याची कपॅसिटी वाढवायची तर नवीन कॅरिअर लावूनच. म्हणून एट्रियमसाठी जे काही इक्विपमेंट घ्याल ते पहिल्या दिवसापासून दोन-तीन बँड चालवू शकणारं घ्या.

हे सगळं झालं की इक्विपमेंटचा प्रश्न जवळजवळ स्वतःच सुटतो. सुटे सुटे स्मॉल सेल, प्रत्येकाचा स्वतःचा सेल आयडी, हे या मॉलच्या दुकानवाल्या मजल्यांवर चालणार नाहीत. 80-90 ठिकाणं म्हणजे 80-90 सेल आणि प्रत्येक 26 मीटरवर एक हद्द. छोट्या दुकानाला, बँकेच्या शाखेला ते छान आहेत, मोकळ्या मॉलला नाही. इथे असे रेडिओ युनिट हवेत जे दहा-बारा-वीस मिळून एकच सेल म्हणून चालतात आणि नंतर सॉफ्टवेअरमधून हवे तसे तोडता येतात. काही जण त्याला डिजिटल डीएएस म्हणतात, काही स्मॉल सेल सिस्टिम म्हणतात, नावात अडकू नका. वीज आणि डेटा एकाच केबलवरून जातो, छतात एक इथरनेटची नाहीतर फायबर आणि तांब्याची एकत्र केबल टाकली की झालं, आणि 3.5 ची पॉवर अँटेनाच्या जागीच तयार होते. एकच ऑपरेटर असेल तर दुकानवाल्या मजल्यांसाठी मी डोळे मिटून हे घेईन. तीन-चार ऑपरेटर एकत्र येणार असतील तर प्रत्येकाने आपापले 90 डबे छतात लावायचे हे मॉलवाले कधीच मान्य करणार नाहीत, मग सगळ्यांना सामावणारं सामाईक डीएएस हाच मार्ग.

पॅसिव्ह डीएएस, म्हणजे नुसत्या केबल आणि स्प्लिटरवरून सिग्नल वाटणारं, ते कुठे? बेसमेंटमध्ये. तिथे डेटा कमी, जागा मोठी, छत उघडं, आणि 5जी नसलं तरी सुरुवातीला चालतं. अर्ध्या इंची केबल 100 मीटरला 900 वर साधारण 7 डीबी, 1800 वर 10, आणि 3.5 गिगाहर्ट्झवर 15 च्या आसपास खाते. 40 डीबीएम दिले, आठात वाटले म्हणून 9 गेले, 60 मीटर केबलचे 6, कनेक्टर वगैरे 2, तरी अँटेनाला 23 उरतात, भरपूर झाले. एक धोका सांगून ठेवतो, आधीपासून लावलेले स्प्लिटर आणि कपलर बहुतेक 2700 मेगाहर्ट्झपर्यंतचेच असतात. त्यांच्यावरून 3.5 पाठवायचा बेत असेल तर लेबल वाचा. आणि टू बाय टू मायमो, म्हणजे एकाच वेळी दोन अँटेनांवरून डेटा, हवं तर अख्खी केबलची शाखा दोनदा टाकायची, फोर बाय फोर हवं तर चारदा. पॅसिव्हला 5जी जड जातं ते याच कारणाने.

पॅसिव्हमधलं खरं दुखणं मात्र पीआयएम, म्हणजे खराब जोडांत सिग्नल एकमेकांत मिसळून होणारा कचरा. एका मॉलच्या बेसमेंटमध्ये सिस्टिम सुरू केली, प्रत्येक ऑपरेटरने एकेकट्याने टेस्ट केली, सगळे पास. सगळे एकत्र सुरू झाले आणि संध्याकाळी पार्किंगमधून अपलोड होईना, कॉलमध्ये आमचा आवाज समोर जाईना, सकाळी परत सगळं ठीक. याचं कारण गणितात आहे. एकाच केबलवर 1810 आणि 1870 चे दोन कॅरिअर असले आणि कुठे सैल कनेक्टर असला तर तिथे दोन्ही मिसळून तिसरीच फ्रीक्वेन्सी जन्माला येते:

```
2*1810 - 1870 = 1750 MHz
```

आणि 1750 हे या बँडच्या अपलिंकच्या बरोबर मध्ये आहे, कारण अपलिंक 1710 ते 1785 आहे. डाउनलिंकचा लोड वाढला की हा कचराही वाढतो, म्हणून तो संध्याकाळी दिसतो. ओळखायची खूण हीच: अपलिंकचा नॉइज ट्रॅफिकच्या मागोमाग चढतो आणि उतरतो, आणि एक ऑपरेटर बंद केला की दुसऱ्याचा सुधारतो. आमच्या केसमध्ये दोन गुन्हेगार निघाले, एक हाताने घट्ट केलेला पण टॉर्क पाना न लावलेला कनेक्टर आणि एक अँटेना जो आग विझवायच्या गंजक्या पाइपला जवळजवळ चिकटून लावला होता. कनेक्टर बदलला, अँटेना मीटरभर सरकवला, प्रॉब्लेम गेला. तेव्हापासून मी प्रत्येक शाखा 2 गुणिले 20 वॉटवर उणे 150 डीबीसी किंवा त्याहून चांगली आली तरच सही करतो, आणि तीही केबल हलवत, कनेक्टरला टिचक्या मारत. स्थिर उभी केबल पास होते आणि एसीच्या कंपनाने महिन्याभरात नापास होते.

अ‍ॅक्टिव्ह बाजूलाही अपलिंकचं एक वेगळं दुखणं आहे. 16 रेडिओ युनिट मिळून एक सेल केला की सोळांचा नॉइज एकत्र येतो, 12 डीबी वाढतो. घाबरायचं कारण नाही, फोन अँटेनापासून 20 मीटरवर असतो, पाथ लॉस 80-85, सहन होतं. पण एखादं युनिट बिघडून नॉइज ओकायला लागलं तर ते अख्खा सेक्टर बुडवतं आणि तक्रार येते भलत्याच दुकानातून, तीन मजले वर. अशा वेळी रात्री मॉल बंद झाल्यावर युनिट एकेक करून बंद करत जा आणि नॉइज कधी खाली पडतो ते बघा, अर्ध्या तासात सापडतं. म्हणून एका सेलमध्ये मी 16-20 च्या वर युनिट घालत नाही.

लिफ्टबद्दल थोडंसं. दार बंद झालं की सिग्नल एका क्षणात 20-30 डीबी पडतो, हँडओव्हरला वेळच मिळत नाही. त्यामुळे लिफ्टच्या शाफ्टला आणि सगळ्या मजल्यांच्या लिफ्टसमोरच्या जागेला एकच सेक्टर द्या, माणूस आत शिरताना, चढताना आणि बाहेर पडताना सेल बदलायलाच नको. बेसमेंटच्या रॅम्पला पण हेच, गाडी उजेडातून खाली येताना मॅक्रो झटकन मरतो, म्हणून बेसमेंटचा एक डायरेक्शनल अँटेना रॅम्पच्या तोंडाशी लावून वर बघायला लावा म्हणजे मॅक्रो जायच्या आधी 20-25 मीटर नवीन सेल दिसायला लागतो.

5जी असेल तर वेळेचं जुळणं विसरू नका. टीडीडीत, म्हणजे एकाच फ्रीक्वेन्सीवर आळीपाळीने पाठवणं आणि घेणं चालतं तिथे, शेजारचे सेल एकमेकांशी 3 मायक्रोसेकंदांच्या आत जुळलेले लागतात, ही वेळ जीपीएसवरून घेतात आणि सर्व्हर रूम तळघरात असेल तर जीपीएस दिसत नाही, गच्चीपर्यंत केबल न्यायची सोय पहिल्या ड्रॉइंगमध्येच दाखवा, नंतर शाफ्टमध्ये जागा मिळत नाही.

स्वीकारायची टेस्ट कशी घेता यावर बरंच अवलंबून आहे. रिकाम्या मॉलमध्ये, रिकाम्या नेटवर्कवर चालून काढलेला एसआयएनआरचा नकाशा सगळा हिरवा येतो, कारण शेजारचे सेल गप्प असतात. शेजारच्या सेक्टरना कृत्रिम लोड द्यायला सांगा आणि मग एट्रियमच्या चारही मजल्यांवर रेलिंगला धरून पूर्ण फेरी मारा. तिथे 10 डीबीच्या खाली गेलं तर कुठलातरी विंगचा अँटेना एट्रियममध्ये डोकावतोय, त्याचा सेल आयडी स्कॅनरवर दिसेल, त्याला फिरवा किंवा 3 डीबीने कमी करा. काचेच्या बाहेर फुटपाथवरूनही चाला, तिथे फोन मॉलचा सेल धरत नाही ना ते बघायला. आणि दुकानांच्या आत जा, फक्त कॉरिडॉरमध्ये फिरून परत येऊ नका. बरीच दुकानं तेव्हा बंद असतात, माल भरलेला नसतो, म्हणून तिथे रिकाम्यात मिळालेल्या आकड्यातून मी 6 डीबी वजा करूनच पास-नापास ठरवतो.

जाता जाता छताचं. जिप्समच्या छताच्या वर अँटेना लपवला तर चालतं, धातूच्या पट्ट्यांच्या किंवा जाळीच्या छतावर अजिबात नाही. आणि दुकान बदललं की छत बदलतं, जिथे काल जिप्सम होतं तिथे आज धातू येतो आणि कुणी तुम्हाला कळवत नाही. म्हणून प्रत्येक अँटेनाजवळ केबलचं तीन मीटर वेटोळं जादा सोडून ठेवा, सरकवायची वेळ आली तर नवीन केबल ओढावी लागत नाही.